निकष नेमका कधी बदलला: तीन वेळा हुकलेल्या एका प्रमोशनचं प्रकरण

"कामात प्रश्नच नाही, पण तिच्याकडे आता रनवे किती उरलाय?" प्रमोशनच्या मीटिंगमध्ये आमच्या डिपार्टमेंट हेडनी हे वाक्य टाकलं आणि कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. मी एचआरकडून त्या पॅनेलवर होते, मिनिट्स लिहायचं काम माझंच होतं, आणि मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून पुढच्या नावाकडे वळले. रनवे म्हणजे रिटायर व्हायला किती वर्षं बाकी आहेत ते, म्हणजे सरळ वय. पण वय हा शब्द कोणी उच्चारला नव्हता त्यामुळे तेव्हा कोणालाच ते खटकलं नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की ह्यात एकही माणूस उघडपणे वाईट बोललेला नाही. "बाई नको", "म्हातारी नको", "त्या कॉलेजचा नको" असं कुठेही नाही. तरी तीन वर्षांत जे झालं ते बरोबर नव्हतं आणि ते कागदावरून दाखवता येत होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, घडण्याचा क्रम मात्र तोच ठेवलाय.

पद होतं सीनियर मॅनेजरचं, वर्षाला एकच जागा निघायची. जिच्याबद्दल हे आहे ती टीम मॅनेजर, तिसऱ्या राउंडच्या वेळी वय ४७, कंपनीत १२ वर्षं, हाताखाली १४ माणसं. आमच्याकडे नाइन बॉक्स ग्रिड वापरतात, म्हणजे एका बाजूला परफॉर्मन्सच्या तीन पायऱ्या, दुसऱ्या बाजूला पोटेन्शियलच्या तीन, मिळून नऊ खाने, आणि प्रत्येक माणूस एका खान्यात बसवायचा. ती परफॉर्मन्समध्ये सलग वरच्या पायरीवर आणि पोटेन्शियलमध्ये सलग मधल्या. इथेच एक गोष्ट लक्षात घ्या. परफॉर्मन्स म्हणजे झालेलं काम, त्याला आकडे असतात, वाद घालता येतो. पोटेन्शियल म्हणजे पुढे काय होईल ह्याचा अंदाज, आणि अंदाज करताना माणूस डोक्यात आधीच असलेलं चित्र वापरतो, की वरच्या पदावरचा माणूस साधारण कसा दिसतो, कसा बोलतो, किती वयाचा असतो. बेन्सन, ली आणि शू ह्या तीन संशोधकांनी एका मोठ्या रिटेल कंपनीतल्या जवळपास ३०,००० कर्मचाऱ्यांचा डेटा तपासला तेव्हा हेच दिसलं होतं, बायकांचं परफॉर्मन्स रेटिंग सरासरीने पुरुषांपेक्षा वर आणि पोटेन्शियल रेटिंग खाली, आणि प्रमोशनमधल्या फरकाचा मोठा भाग ह्या पोटेन्शियलच्या रेटिंगमुळे होता. त्यामुळे संशय आला की मी आता पहिल्यांदा तो पोटेन्शियलचा रकाना बघते, परफॉर्मन्सचा नाही.

तिसऱ्या राउंडनंतर ती माझ्याकडे आली. रडत वगैरे नाही, खूप शांतपणे आली, आणि म्हणाली, "अगं, मला एकच सांग, ह्या वेळचं कारण गेल्या वेळच्या कारणापेक्षा वेगळं का आहे?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्या संध्याकाळी मी तिन्ही वर्षांची मिनिट्स आणि सगळ्या उमेदवारांचे रिव्ह्यू काढून बसले.

मी एक साधी शीट केली. प्रत्येक राउंडला तीन नावं चर्चेत होती, म्हणजे एकूण नऊ ओळी (माणसं सहाच, कारण ती तिन्ही वेळा आणि अजून एकजण दोनदा होता). प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहिल्या: निवड झाली की नाही, कारण म्हणून कोणता निकष बोलला गेला, तो निकष त्या माणसाकडे होता ह्याचा कागदावर पुरावा काय, आणि तोच निकष त्याच राउंडमधल्या बाकीच्या दोघांना लावला का. सगळी मेख ह्या चौथ्या रकान्यात होती. आपण नेहमी एका माणसाला दिलेलं कारण एकटं घेऊन विचार करतो की हे योग्य आहे का, आणि एकटं घेतलं तर जवळजवळ प्रत्येक कारण योग्यच वाटतं.

पहिला राउंड. तिला नाकारताना लिहिलं होतं, "ऑपरेशन्समध्ये उत्तम, पण स्ट्रॅटेजिक काम दिसत नाही." ज्याची निवड झाली त्याने नवीन सेंटर कसं उभं करायचं ह्याचा पूर्ण आराखडा केला होता आणि तो अमलात आणला होता. इथे मला काही गैर दिसलं नाही. निकष तोच, त्याच्याकडे पुरावा होता, तिच्याकडे नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण एकदा चष्मा चढवला की सगळंच भेदभाव दिसायला लागतं आणि मग जे खरंच चुकलंय तेही कोणी ऐकत नाही.

दुसरा राउंड. मधल्या वर्षात तिने तक्रारी सोडवायची पूर्ण पद्धत बदलली होती, तीन डिपार्टमेंटना एकत्र बसवून, आणि सरासरी वेळ ९ दिवसांवरून ४ वर आणला होता. म्हणजे ज्याला आधी स्ट्रॅटेजिक म्हटलं गेलं तसलंच काम. ह्या वेळच्या मिनिट्समध्ये स्ट्रॅटेजी हा शब्द एकदाही नाही. आता कारण होतं एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स, म्हणजे वरच्या पदाला शोभेल असं वागणं-बोलणं, आणि त्याच्यापुढे "मीटिंगमध्ये जरा तिखट बोलते". ज्याला निवडलं तो ३४ वर्षांचा, येऊन दोन वर्षं झालेली, स्ट्रॅटेजिक काम शून्य. ते कोणी विचारलंच नाही. उलट एक नोंद होती, "अनुभव कमी आहे पण शिकेल."

तिसरा राउंड. मधल्या वर्षात तिने कोचिंगची सहा सेशन्स घेतली, बोर्डापुढे दोनदा प्रेझेंटेशन दिलं, दोन्ही वेळचा फीडबॅक लेखी आणि चांगला. आता प्रेझेन्स गायब आणि रनवे हजर. निवड झाली ती ३३ वर्षांच्या मुलाची, "लांब पल्ल्याचा आहे" म्हणून.

तिन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की जे दिसतं ते एकेकटं बघून दिसणं शक्यच नाही. तिने निकष पूर्ण केला की निकष सरकत होता. आणि जी गोष्ट निवड झालेल्याकडे नव्हती तिथे "शिकेल" लिहिलं जात होतं, तिच्याकडे नसली तर नुसतं "नाही". हे कोणी ठरवून करत असेल असं मला आजही वाटत नाही. माणूस आधी मनात पसंत पडतो आणि मग त्याच्याकडे जे आहे ते महत्त्वाचं वाटायला लागतं. उलमान आणि कोहेन ह्यांचा २००५ चा एक प्रयोग ह्याच विषयावर आहे. पोलीस प्रमुखाच्या पदासाठी कोणाला बाई उमेदवार दाखवली तर कोणाला पुरुष, आणि तो उमेदवार कधी शिकलेला तर कधी रस्त्यावरचा अनुभव असलेला. पुरुष शिकलेला दाखवला की लोकांना शिक्षण जास्त महत्त्वाचं वाटायचं. आणि ज्यांना उमेदवार बघण्याआधी निकष ठरवायला लावले त्यांच्यात हा प्रकार राहिला नाही. ही दुसरी गोष्ट आम्हाला पुढे उपयोगी पडली.

आता त्या "तिखट" शब्दाबद्दल. लोक सांगतात की वाक्य उलटं करून बघा, हेच पुरुषाबद्दल बोललं असतं का. मला ही टेस्ट फारशी पटत नाही, कारण खोलीतला प्रत्येकजण सहज म्हणतो "हो, बोललो असतो", आणि विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा खरा कागद शोधावा. मला तो सापडला. दुसऱ्या राउंडला निवडलेल्या मुलाच्या रिव्ह्यूमध्ये त्याच हेडनी लिहिलं होतं, "मतं ठामपणे मांडतो, गरज पडली तर समोरच्याला थांबवतो." आणि तिच्या रिव्ह्यूमध्ये, "समोरच्याला मध्येच तोडते." दोन्ही नोंदी एकाच प्लॅनिंग मीटिंगबद्दल होत्या! मी त्या मीटिंगला होते, दोघंही एकाच माणसाला थांबवत होते, आणि तो माणूस खरंच विषय सोडून बोलत होता.

ह्यात नवीन काही नाही. अमेरिकेतलं अॅन हॉपकिन्सचं प्रकरण ह्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असतं. १९८२ मध्ये एका मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये पार्टनरशिपसाठी ८८ नावं होती, त्यात ती एकटी बाई. मोठं सरकारी काम मिळवून आणलेलं, तरी निर्णय लांबणीवर पडला आणि सल्ला मिळाला की जरा बायकी चाल, बायकी बोल, मेकअप कर, दागिने घाल. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९८९ मध्ये कोर्टाने म्हटलं की अशा साचेबद्ध कल्पनांवरून निर्णय घेणं हा भेदभावच, आणि शेवटी ती कोर्टाच्या आदेशाने पार्टनर झाली. तिथे निदान सल्ला स्पष्ट शब्दांत होता. आता तो "प्रेझेन्स" अशा शब्दात गुंडाळून येतो, आणि पकडायला अवघड जातो.

आता एवढं सापडल्यावर मी उत्साहाने पुढे गेले असते तर माझी फजिती झाली असती, कारण एक खरी गोष्ट तिच्या विरोधात होती. बजेट. निवडलेल्या तिघांपैकी दोघांनी स्वतंत्र बजेट हाताळलं होतं, तिने कधीच नाही, आणि ह्या पदावर बजेट असतं. हेड पहिल्या मिनिटाला हेच म्हणाले असते आणि बरोबर म्हणाले असते.

म्हणून मी अजून एक पायरी मागे गेले. बजेटवालं काम कोणाला मिळतं हे कोण ठरवतं? तीन वर्षांत बजेट असलेले पाच प्रोजेक्ट निघाले होते, पाचही तोंडी वाटले गेले, कुठेही अर्ज नाही की मेल नाही. तिला एकही नाही. त्याच काळात तिच्याकडे काय होतं तर नवीन लोकांचं ऑनबोर्डिंग, ऑडिटची कागदपत्रं, इंटर्न्सचं मेंटॉरिंग आणि टीम इव्हेंटची कमिटी. सगळी गरजेची कामं, एकही प्रमोशनला धरलं जात नाही असलं. बॅबकॉक आणि तिच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे ह्यावर, की अशी कामं बायकांना जास्त सांगितली जातात आणि त्या हो पण जास्त म्हणतात, कारण सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं की ही हो म्हणेल.

मी हेडना सहज विचारावं तसं विचारलं, बजेटचा प्रोजेक्ट तिला का नाही दिला कधी. ते अगदी आपुलकीने म्हणाले, "अगं, तिची आई आजारी होती ना तेव्हा, म्हटलं कशाला तिच्यावर लोड टाकायचा." मी तिला विचारलं. आईचं आजारपण चार महिन्यांचं होतं, तीन वर्षांपूर्वीचं, आणि तिला कोणीही काही विचारलं नव्हतं. त्याच वर्षी एका पुरुष मॅनेजरचे वडील हॉस्पिटलमध्ये होते आणि तो दोन बजेट सांभाळत होता, त्याच्यावरचा लोड कोणाच्या मनात आला नाही.

मला ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट ह्याचं वाटतं. खरोखर काळजीपोटी केलेली गोष्ट, आणि त्यामुळेच ती तीन वर्षं मागे पडली, आणि मग त्या मागे पडण्याचाच पुरावा म्हणून वापर झाला. प्रमोशनमधला भेदभाव प्रमोशनच्या मीटिंगमध्ये शोधायला गेलो तर अर्धाच सापडतो, उरलेला कामाच्या वाटपात दोन-तीन वर्षं आधी होऊन गेलेला असतो.

शीटमध्ये अजून दोघांच्या ओळी होत्या ज्या मी शोधत नव्हते. पहिल्या राउंडला एक ५१ वर्षांचे मॅनेजर होते, त्यांच्यापुढे "आता सेट झालेत, बदल झेपेल का" लिहिलेलं, आणि त्याच वर्षी नवीन सॉफ्टवेअरवर पूर्ण टीम नेणारे पहिले तेच होते. आणि दुसरा, ३६ वर्षांचा, सपोर्ट डेस्कवरून सुरुवात करून वर आलेला, डिग्री पत्राद्वारे केलेली. दुसऱ्या राउंडला त्याच्यापुढे "पॉलिश कमी" आणि तिसऱ्याला "अजून एक वर्ष जाऊ दे". पॉलिश म्हणजे काय हे कुठेही लिहिलेलं नाही. त्याच्या क्लायंटचे फीडबॅक बघितले, एकानेही तक्रार केलेली नाही, उलट दोघांनी नाव घेऊन कौतुक केलेलं. निवड झालेले तिघंही पुरुष, चाळिशीच्या आतले, नावाजलेल्या संस्थांमधून शिकलेले. अर्थात, नऊ ओळींवरून टक्केवारी काढून काही सिद्ध होत नाही, तीन माणसं योगायोगानेही एकसारखी निघू शकतात. अशा लहान आकड्यांत शीटचा उपयोग कारणांची तुलना करायला होतो, तेवढाच करावा.

आता तिने काय केलं ते.

तिने एक मेल लिहून ठेवला होता, रागात, त्यात भेदभाव हा शब्द चार वेळा. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे मी एचआर आहे, मी कंपनीकडून पगार घेते, त्यामुळे मी तुला मदत करेन पण तुझी वकील नाही, बाहेरच्या माणसाचा सल्ला वेगळा घे. एचआरमधल्या प्रत्येकाने हे आधीच बोलायला हवं असं माझं ठाम मत आहे. आणि लवकर घे, कारण कायदेशीर तक्रारीला मुदत असते आणि ती कंपनीतली तक्रार चालू असली म्हणून थांबतेच असं नाही. अमेरिकेत उदाहरणार्थ ती १८० किंवा काही राज्यांत ३०० दिवस आहे आणि अंतर्गत तक्रारीमुळे वाढत नाही. प्रत्येक देशाचं वेगळं असतं, पण खूप लोक आतल्या आत सहा-आठ महिने वाट बघतात आणि मग कळतं की वेळ गेली.

दुसरी गोष्ट, पहिल्या मेलमध्ये आरोप नको, प्रश्न हवेत. हे घाबरून नाही. आरोप केला की समोरचा स्वतःच्या हेतूबद्दल बोलायला लागतो, की मी तसा माणूस नाही, माझ्या टीममध्ये किती बायका आहेत बघ, आणि मग निकषावर बोलणं होतच नाही. हेतू आपण सिद्ध करू शकत नाही. निकष बदलला हे करू शकतो. शेवटी गेलेला मेल साधारण असा होता:

"सर, ह्या राउंडच्या निर्णयाबद्दल मला नीट समजून घ्यायचंय. पहिल्या वर्षी मला स्ट्रॅटेजिक कामाचा अनुभव कमी सांगितला, दुसऱ्या वर्षी प्रेझेन्स. दोन्हीवर काम केलं, त्याची माहिती सोबत जोडली आहे. ह्या वेळी कोणत्या निकषावर मी कमी पडले? तो पूर्ण झाला असं कशावरून ठरेल? आणि पुढच्या राउंडलाही तोच निकष असेल का? लेखी उत्तर मिळालं तर मला वर्षाचं नियोजन करता येईल."

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याला हो म्हटलं तर पुढच्या वर्षी निकष सरकवता येत नाही, आणि नाही म्हणायला काही कारण द्यावं लागतं.

लेखी उत्तर आलंच नाही. बारा दिवसांनी हेडनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि तोंडी बोलले, छान गोड बोलले, त्यात रनवे परत आला. हे असंच होतं बहुतेक वेळा, त्यामुळे त्याची तयारी आधीच ठेवायची. ती बाहेर आली आणि अर्ध्या तासात तिने मेल टाकला, "सर, वेळ दिल्याबद्दल थँक्यू. आपल्या बोलण्यातून मला समजलं ते असं," आणि खाली चार ओळी, त्यात रनवे हा शब्द त्यांच्याच वाक्यात, आणि शेवटी "काही चुकीचं समजलं असेल तर कळवा". त्यांनी काही कळवलं नाही. मग तोंडी बोललेलं तारखेसकट कागदावर आलं.

एक चूक ती करणार होती ती थांबवली. तिच्या एका मैत्रिणीकडे इतरांच्या रेटिंगची फाइल होती आणि ती स्वतःच्या मेलवर घेणार होती. अजिबात करू नये. ती फाइल गोपनीय, आणि मग तिच्यावरच कारवाई होते आणि मूळ विषय बाजूला पडतो. स्वतःचे रिव्ह्यू, स्वतःला आलेले मेल, स्वतःची तारखेनुसार डायरी, कोण काय बोललं आणि समोर कोण होतं, एवढं पुरेसं असतं. तुलना करायचं काम ज्याला ते कागद बघायचा अधिकार आहे त्याचं. इथे तो माझा होता, म्हणून ती शीट घेऊन मीच माझ्या वरिष्ठांकडे गेले, आणि आधी स्वतःबद्दल सांगितलं की ह्या तिन्ही मिनिट्सवर माझी सही आहे आणि मी एकदाही विचारलं नाही.

वरिष्ठांचं पहिलं उत्तर होतं की पॅनेलला ट्रेनिंग देऊ. मला ते पुरेसं वाटलं नाही, कारण आमच्या पॅनेलमधल्या चारही जणांनी ते ट्रेनिंग आधीच केलेलं होतं. काही शब्दांवर बंदी घालू असंही निघालं, तेही मी नको म्हटलं, रनवे हा शब्द बंद केला तर त्याच्या जागी एनर्जी हा शब्द येईल. मी मागितलं ते असं: नावं येण्याआधी निकष आणि त्यांचं वजन लिहून गोठवायचं, प्रत्येकाने चर्चेआधी एकट्याने गुण भरून पाठवायचे, आणि ज्या गुणापुढे एक घडलेलं उदाहरण नाही तो धरायचा नाही. चर्चेत गुण बदलता येतील, पण का बदलला ते एका ओळीत लिहायचं. बऱ्याच खेचाखेचीनंतर हे मान्य झालं.

आणि इथेच एक गोष्ट जवळजवळ फसली. गोठवलेल्या निकषांचा पहिला मसुदा आला त्यात लिहिलं होतं, "किमान दोन वर्षं स्वतंत्र बजेट हाताळल्याचा अनुभव." दिसायला एकदम स्वच्छ, मोजता येणारा, सगळ्यांना सारखा निकष. पण तो लावला की पाच प्रोजेक्ट ज्यांना तोंडी मिळाले तेच आपोआप पात्र, आणि ती आणि त्या सपोर्ट डेस्कवाल्यासारखे लोक बाहेर. आधीचं वाटप चुकीचं असेल तर आधी ठरवलेला निकषही ते चुकीचंच पुढे नेतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मी विचारलं की गेल्या तीन जणांना हे पद मिळालं तेव्हा ह्यांतल्या कोणाकडे दोन वर्षं होती? एकाकडे. बाकीच्या दोघांना फायनान्सवाल्यांनी पहिल्या तीन महिन्यांत शिकवलं होतं. मग वाक्य बदललं, "बजेट बनवून आणि सांभाळून दाखवलेलं एक काम," आणि बजेटवाले प्रोजेक्ट ह्यापुढे मेलवर जाहीर करायचे, ज्याला हवं त्याने हात वर करायचा.

तिने पहिल्याच मेलला हात वर केला. आठ महिन्यांचं काम, पहिल्या तिमाहीत तिचा अंदाज बराच चुकला, खर्च कमी धरला होता, तो तिने स्वतःच रिपोर्ट केला आणि दुरुस्त केला. हेही पॅनेलपुढे आलं, लपवलं नाही.

चौथ्या राउंडला चारपैकी तिघांच्या स्वतंत्र गुणांत ती पहिली होती. हेडच्या गुणांत दुसरी. चर्चेत त्यांनी परत एकदा "पण पुढची पाच वर्षं बघता" अशी सुरुवात केली, आणि ह्या वेळी मी विचारलं, हे यादीतल्या कोणत्या निकषाखाली लिहू? ते थांबले, यादी बघितली, आणि म्हणाले, "राहू दे." तिला पद मिळालं.

तिने मागच्या दोन वर्षांच्या पगारातल्या फरकाबद्दल विचारलं होतं, ते नाकारलं गेलं. आधीच्या राउंडमध्ये चूक झाली असं कंपनीने कुठेही लिहून दिलं नाही, पद्धत सुधारली एवढंच लिहिलं. तिने बाहेर सल्ला घेतला होता, पुढे जायचं की नाही ह्याचा विचार केला आणि नाही गेली. तो तिचा निर्णय, आणि दुसरं कोणी गेलं असतं तर तेही चूक नव्हतं. हेडशी तिचं बोलणं आता कामापुरतं आहे. पूर्वी ते दोघं रोज एकत्र चहा घ्यायचे.

५१ वर्षांच्या त्या मॅनेजरनी परत नाव दिलंच नाही. मी जाऊन सांगितलं की पद्धत बदलली आहे, ते हसले आणि म्हणाले, "आता नको."

आणि सपोर्ट डेस्कवरून वर आलेला तो, त्याने नवीन निकष यायच्या दोन महिने आधी राजीनामा दिला होता. त्याचा एक्झिट इंटरव्ह्यू मीच घेतला होता. सोडायचं कारण ह्या रकान्यात त्याने "चांगली संधी" लिहिलं, मी पुढे काही विचारलं नाही आणि फाइल बंद केली. नंतर शीट करताना त्याच्या दोन ओळींपुढे "पॉलिश म्हणजे नेमकं काय" हे भरायला मी पॅनेलमधल्या तिघांना विचारलं होतं. तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. त्यातलं एक होतं त्याचे उच्चार.